मिक्स बसवर लिनिअर फेज इक्यू, आणि घुमटाच्या थापेआधीच ऐकू येणारं ‘हुं’

घुमटवाला (मंगळवार, रात्री ११:४०)

चवथीला महिना राहिला म्हणून आमच्या वाड्यावरच्या घुमट-समेळ वाजवणाऱ्या पथकाच्या पाच आरत्या रेकॉर्ड केल्या. जागा फोंड्याजवळच्या एका देवळाचा सभामंडप. दोन घुमटांना जवळून एकेक माइक, समेळाला एक आणि वर कंडेन्सरची जोडी. कासाळ्याला वेगळा माइक दिला नाही, ते वरच्या जोडीत हवं त्यापेक्षा जास्तच येतं. पावसाचे दिवस, ऐन वेळी लाइट गेली आणि मागच्या बाजूला जनरेटर लावावा लागला. त्याची घरघर सगळ्या टेकमध्ये आहे.

ती घालवायला मिक्स बसवर हाय-पास लावला. ५५ हर्ट्झला, ४८ डीबी प्रति ऑक्टेव्ह. मोड लिनिअर फेज, कारण मास्टरवर लिनिअर फेजच लावायचा असं सगळीकडे ऐकलंय. रिझोल्यूशन मॅक्सिमम. त्यानंतर लिमिटर, मोठ्या थापांवर तो सहाएक डीबी खाली ओढतो.

आता अडचण अशी. आरतीचं कडवं संपतं, क्षणभर सगळं थांबतं आणि मग पहिली थाप पडते. त्या थापेच्या नेमकं आधी एक बारीक ‘हुं’ येतं. कोणीतरी आवाज आत ओढून घेतल्यासारखं. मधल्या भरगच्च वादनात ते जाणवत नाही. इक्यू बायपास केला की जातं, मिनिमम फेज केला तरी जातं. पण मिनिमम फेजमध्ये घुमट किंचित मागे पडल्यासारखा वाटतो, समेळ आधी आणि घुमट मागून. दोन्हींपैकी कमी वाईट काय? की माझंच काही चुकतंय?

---

मांडवीकाठ (बुधवार, सकाळी ८:१५)

लिनिअर फेजमध्ये फेज हलतच नाही, सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर होतो. त्यामुळे तो आवाजात स्वतःचं काही घालत नाही. तुम्ही ऐकताय ते एमपीथ्रीचं प्री-एको असणार. ठोक्याआधी फुसफुस हा त्या फॉरमॅटचा जुना रोग आहे. वेव्ह फाइल ऐकून बघा. तरीही येत असेल तर प्लगइन सुमार आहे, रिझोल्यूशन वाढवा.

---

टेपकाका (बुधवार, सकाळी ९:०२)

हे आम्ही १९७०-८०च्या दशकांत रोज ऐकायचो! रीळ गुंडाळून ठेवलं की एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटायचं आणि गायिकेने तोंड उघडायच्या आधीच तिचा सूर भुतासारखा ऐकू यायचा. म्हणून आम्ही रीळ न उलटवता, शेवट बाहेर ठेवून कपाटात लावायचो. मग ठळक छाप मूळ आवाजाच्या नंतर पडायची आणि त्याखाली झाकून जायची. तुझ्या टेपला कोणी उलटं गुंडाळलंय का बघ.

---

घुमटवाला (बुधवार, दुपारी १:३०)

काका, टेप नाही, सगळं कॉम्प्युटरमध्येच आहे :) पण भूत म्हणालात ते अगदी पटलं.

मांडवीकाठ, मी वेव्हच ऐकतोय, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट. रिझोल्यूशन आधीपासून मॅक्सिममवर आहे. गंमत म्हणजे तुमचं वाचून उलट सगळ्यात खालच्या सेटिंगवर नेऊन पाहिलं, तर ‘हुं’ जवळपास गेलं. जनरेटर मात्र थोडा परत आला. हे उलटं कसं?

---

खाजन (बुधवार, रात्री १०:५०)

उलटं नाही, अगदी सुलटं आहे. तिथूनच सुरुवात करतो.

कुठलाही फिल्टर इतक्या उभ्या उताराने कापायला लागला की घंटेसारखा थोडा वेळ वाजत राहतो. ते वाजणं उतारातून येतं, प्लगइन चांगला की वाईट यावर ते ठरत नाही. मिनिमम फेजमध्ये ते सगळं ठोक्यानंतर येतं. लिनिअर फेजमध्ये फिल्टरचा प्रतिसाद ठोक्याच्या दोन्ही बाजूंना आरशासारखा सारखा असावा लागतो, म्हणून अर्धं वाजणं ठोक्याच्या आधी जातं. तुमचं ‘हुं’ तेच, त्यालाच प्री-रिंगिंग म्हणतात. मांडवीकाठ म्हणतात तो सारखा उशीर बरोबर आहे, पण त्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

खालच्या रिझोल्यूशनला फिल्टर लांबीने तोकडा पडतो. ५५ हर्ट्झला ४८ डीबीचा उतार उभा करायला त्याच्याकडे पुरेसे नमुनेच नसतात. तो गुपचूप सौम्य उतार देतो, म्हणून वाजणं कमी आणि जनरेटर परत. मॅक्सिममला त्याने तुम्ही मागितलं ते इमानदारीत दिलं.

आता हे वाजणं किती लांबतं ते बघा. ५५ हर्ट्झलाच, साध्या बटरवर्थ उतारांचा हिशेब. १२ डीबीच्या उताराचं वाजणं साधारण ४ मिलिसेकंदांत एक-तृतीयांशावर येतं. २४ डीबीला साडेसात लागतात आणि ४८ डीबीला जवळपास १५. म्हणजे ४० डीबी खाली जाईपर्यंत ४८ डीबीचा उतार सत्तरेक मिलिसेकंद वाजतो. लिनिअर फेजमध्ये त्याची पातळी निम्मी होते, पण दोन्ही बाजूंना साधारण तेवढंच लांबतं.

आपला कान ठोक्यानंतरचं पुष्कळ झाकतो, शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत. ठोक्याआधीचं मात्र जेमतेम झाकतो. नीट झाकलं जातं ते शेवटच्या पाचेक मिलिसेकंदांचं, फार तर वीसपर्यंत काहीतरी परिणाम राहतो. काकांचं शेवट बाहेर ठेवलेलं रीळही असंच चालायचं, फक्त तिथे नंतरची छाप चालू असलेल्या गाण्याखाली झाकली जायची. छाप सेकंदभर दूर असते आणि पूर्ण आवाजाची असते, इथे काही मिलिसेकंदांचा एकाच सुराचा कंप आहे, एवढाच फरक. कान तोच.

तेव्हा तुमच्याकडे तीन गोष्टी एकाच जागी आल्या: खालची फ्रिक्वेन्सी, उभा उतार आणि थापेआधीची शांतता. भरगच्च वादनात तिसरी नसते, म्हणून तिथे ऐकू येत नाही.

चौथी गोष्ट तुमचा लिमिटर. थाप आली की तो सहा डीबी खाली ओढतो, पण थापेआधीच्या कंपावर तो अजून झोपलेलाच असतो. मग एकूण पातळी वर उचलली की थाप जागच्या जागी आणि ‘हुं’ तिच्या तुलनेत सहा डीबी वर. लिमिटर बंद करून ऐका, निम्मा त्रास कमी होईल.

---

मांडवीकाठ (गुरुवार, सकाळी ७:५५)

प्री-रिंगिंग असतं हे मान्य, पण ऐकू येतं हे मान्य नाही. मी गेली सहा-सात वर्षं प्रत्येक मास्टरवर ३० हर्ट्झला ४८ डीबीचा लिनिअर फेज कट लावतो. ३० हर्ट्झला तर ते तुमच्या हिशेबाने आणखी लांबायला हवं. एकाही ग्राहकाने तक्रार केलेली नाही. हे सगळं आलेख बघून ऐकणाऱ्यांचं दुखणं आहे.

---

खाजन (गुरुवार, सकाळी ९:४०)

लांबतं खरंच. ३० हर्ट्झला जवळजवळ दुप्पट. पण ३० हर्ट्झच्या आसपास कानाला काही ऐकू यायला साठेक डीबी दाब लागतो, ८० हर्ट्झला तीसच्या थोडं वर पुरतो. तुमचा कंप ३० हर्ट्झचाच असतो आणि तो उंबरठ्याखाली मरतो. शिवाय गाण्यात ३० हर्ट्झला ताकदच कमी, म्हणून तो मुळातच बारीक. दुसऱ्या टोकाला, ८ किलोहर्ट्झला रुंद शेल्फ लावलात तर कंप मिलिसेकंदापेक्षा लहान, तो कानाच्या झाकणाखाली जातो. म्हणून तुमच्या ग्राहकांनी तक्रार केली नाही. तुमचं सेटिंग सुरक्षित आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही.

माझ्या अनुभवात त्रासाचा पट्टा साधारण ५० ते ३०० हर्ट्झ. तिथे कंप झाकणाबाहेर जाण्याइतका लांब असतो आणि कानाला ऐकू येण्याइतका वरही. घुमट नेमका तिथेच घुमतो.

एक पुरवणी. तुमचा ३० हर्ट्झवाला कट जत्रेतल्या मोठ्या सबवर वाजला तर काय होईल ते मी पैजेवर सांगणार नाही.

---

सई_साखळी (गुरुवार, सायंकाळी ६:२०)

माझाही हाच प्रॉब्लेम आहे. मी भजनी मंडळाचं लाइव्ह मिक्स करते. मागच्या महिन्यात लॅपटॉपमधून मास्टरवर लिनिअर फेज इक्यू लावला आणि पखवाजवाले बुवा भडकले, म्हणे मॉनिटरमध्ये माझा हात मला मागून ऐकू येतो. हे प्री-रिंगिंगच ना? त्यावर उपाय काय?

---

खाजन (गुरुवार, रात्री ८:०५)

नाही सईबाय, तो निव्वळ उशीर. लिनिअर फेजला आधीची बाजू वाजवायची तर पुढचं आधी बघून ठेवावं लागतं, म्हणजे सगळाच आवाज थांबवून धरावा लागतो. ४०९६ नमुन्यांचा फिल्टर ४८ किलोहर्ट्झला सुमारे ४३ मिलिसेकंद मागे टाकतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बाकीचे ट्रॅक आपोआप तेवढेच मागे सरकतात म्हणून कळत नाही. मंचावर बुवांचा हात कोण मागे सरकवणार? लाइव्हमध्ये लिनिअर फेज नकोच.

---

सई_साखळी (गुरुवार, रात्री ८:३०)

बरं, काढते. मग घुमटवाल्यांनी बसवर ५० हर्ट्झचा अरुंद नॉच का लावू नये? जनरेटर ५० लाच असणार. क्यू ३० ठेवला तर बाकी काही हलणारच नाही.

---

खाजन (गुरुवार, रात्री ९:१५)

मिनिमम फेजमध्ये लावला तर विचार वाईट नाही. लिनिअरमध्ये मात्र हात लावू नका. क्यू ३० म्हणजे कंप एक-तृतीयांशावर यायलाच १९० मिलिसेकंद. इतक्या अरुंद पट्टीत थापेची ताकद कमी अडकते, त्यामुळे पातळी बारीक असेल हे कबूल. पण शांततेत पाव सेकंद आधी सुरू होणारी गुणगुण कोणाला हवी? थापेनंतर आली तर घुमटाच्या स्वतःच्या गुंजेत मुरून जाते.

आणि जनरेटर एकट्या ५० वर बसून राहत नाही. २५ ला असतो, १०० ला असतो, लोड बदलला की सरकतोही.

---

घुमटवाला (शुक्रवार, रात्री १२:१०)

काल-आज बसून चाचण्या केल्या.

पहिली, एकाच नमुन्याची क्लिक बनवून बसमधून काढली. सुरुवातीला काहीच दिसेना, वाटलं खाजनबाब गंडवतायत. मग उभा झूम वाढवत नेला तेव्हा दिसलं. क्लिकच्या दोन्ही बाजूंना सारख्या लाटा, दोन लाटांमध्ये १८ मिलिसेकंदांच्या आसपास अंतर. म्हणजे ५५ हर्ट्झच. पण क्लिकपेक्षा पन्नास-पंचावन्न डीबी खाली. एवढं बारीक असेल तर मला ऐकू का यावं?

दुसरी, खरी थाप घेतली. थापेच्या सुरुवातीपर्यंतचाच तुकडा कापला आणि वीस डीबी वाढवून ऐकला. तिथे ‘हुं’ ठसठशीत आहे. थापेपेक्षा २७-२८ डीबी खाली, आणि लिमिटरनंतर मोजलं तर २२. लिमिटरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर निघाला.

तिसरी, इक्यू एकदा लिनिअर आणि एकदा मिनिमम करून दोन फाइली काढल्या, एक उलटी करून दोन्ही एकत्र वाजवल्या. म्हटलं जे उरेल ते प्री-रिंगिंग. पण उरलं ते जवळजवळ अख्खं घुमट! म्हणजे प्री-रिंगिंग एवढं मोठं?

---

खाजन (शुक्रवार, सकाळी १०:२५)

तिसरी चाचणी सोडून द्या. मिनिमम फेजने घुमटाचा खालचा सूर काही मिलिसेकंद सरकवलाय. सरकलेली लाट मूळ लाटेतून वजा केली की ढीगभर उरणारच. ते फेजचं अंतर मोजतंय, प्री-रिंगिंग नाही. या चाचणीने बरेच जण फसलेत, मीही.

क्लिकचं कोडं सोपं आहे. क्लिकची ताकद शून्यापासून २४ किलोहर्ट्झपर्यंत सारखी वाटलेली असते, ५५ खालचा वाटा नगण्य. थापेची बहुतेक ताकद खालीच. तुमच्या घुमटाचा मूळ सूर ८०च्या आसपास असेल तर थापेची सुरुवात ५५च्या परिसरात भरपूर सांडते, आणि फिल्टर तेच कापतो. क्लिकवरून कंपाचा आकार आणि लांबी कळते, पातळी कळत नाही. पातळी तुमच्या दुसऱ्या चाचणीनेच मोजायची. ती चाचणी मी तुमच्याकडून उचलतोय.

कान तयार करायचा असेल तर एक खोडी सांगतो. फाइल उलटी करा, मिनिमम फेज फिल्टर लावा, पुन्हा सुलटी करा. सगळंच वाजणं थापेच्या आधी जातं, लिनिअरपेक्षाही वाईट. सॉक्समध्ये, तुमचा ४८ डीबीचा उतार चार तुकड्यांत:

```
sox ghumat.wav a.wav gain -6 highpass -2 55 0.51q highpass -2 55 0.60q highpass -2 55 0.90q highpass -2 55 2.56q
sox ghumat.wav b.wav gain -6 reverse highpass -2 55 0.51q highpass -2 55 0.60q highpass -2 55 0.90q highpass -2 55 2.56q reverse
```

`a.wav` मध्ये सगळं नंतर, `b.wav` मध्ये सगळं आधी. फ्रिक्वेन्सींची काटछाट दोन्हींत तंतोतंत सारखी. आधी `b` ऐका म्हणजे कशाचा शोध घ्यायचा ते कानाला कळेल, मग आपलं मिक्स ऐका. मांडवीकाठ, तुम्हीही ऐका. तुमच्याच स्पीकरवर, आलेख न बघता.

---

मांडवीकाठ (शुक्रवार, दुपारी ३:४०)

ऐकलं. माझ्याकडे घुमट नव्हता, ढोलाचा सोलो घेतला. इअरफोनवर `a` आणि `b` मला ओळखता आले नाहीत. मोठ्या स्पीकरवर दहापैकी नऊदा ओळखले. `b` मध्ये ढोल उलटा श्वास घेतो. मागे घेतो, ऐकू येतं. पण हे तुम्ही मुद्दाम बिघडवलेलं उदाहरण आहे. ५५ला ४८ डीबी बसवर कोण लावतं?

---

सई_साखळी (शुक्रवार, दुपारी ३:५५)

ज्याने धागा काढला तो :D

---

घुमटवाला (शुक्रवार, रात्री ९:३०)

हो बाय, तो मीच.

बरं, मग मिनिमम फेज लावायचा म्हटलं तर घुमट मागे पडतो त्याचं काय? तो माझा भास आहे का? आमच्या पथकाच्या बुवांनाही वाटलं, आणि त्यांना मी काय बदललं ते सांगितलेलंच नव्हतं.

---

खाजन (शनिवार, सकाळी ८:४५)

भास नाही. त्याच ४८ डीबीच्या फिल्टरमध्ये ८० हर्ट्झचा सूर सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा येतो. थापेचा वरचा ‘टक्’ वेळेवर आणि खालचा ‘घुम्’ ९ मिलिसेकंद मागे. समेळात खालचं फारसं नसल्याने तो जागेवर राहतो. म्हणून समेळ आधी, घुमट मागून. ५५ हर्ट्झला तर उशीर २६ मिलिसेकंदांवर जातो. उभ्या उताराचा कर दोन्हीकडे भरावाच लागतो. लिनिअरमध्ये थापेआधी, मिनिमममध्ये थापेनंतर.

म्हणून मी मोड बदलण्याआधी उतार बदलेन. बसवर ४० हर्ट्झला २४ डीबी, मिनिमम फेज. तिथे ८० हर्ट्झचा उशीर ३ मिलिसेकंदांवर येतो, तो कोणाला कळणार नाही. प्री-रिंगिंगचा प्रश्नच नाही.

पण मग ५०ची घरघर राहील. ती बसवर काढायचीच नाही. जनरेटर कुठल्या माइकमध्ये आहे? घुमटाचे माइक जवळ आहेत, त्यांचा गेन कमी, त्यांत तो फारसा नसणार. वरची जोडी सगळा सभामंडप ऐकते, तीच घरघर आणते. त्या जोडीवर १०० हर्ट्झला २४ डीबीचा हाय-पास टाका. ५० हर्ट्झ तिथे २४ डीबी खाली जाईल. घुमटाचा तळ जवळच्या माइकमधून येऊ द्या.

---

मांडवीकाठ (शनिवार, सकाळी ११:१०)

इथे मात्र मी लिनिअर म्हणेन आणि हट्टाने म्हणेन. एकच घुमट दोन माइकांत आहे. वरच्या जोडीवर मिनिमम फेज कट लावलात तर १०० ते २०० हर्ट्झमध्ये तिची फेज फिरणार, आणि जवळच्या माइकशी बेरीज होताना तिथे खड्डा पडू शकतो. बसवर फेज फिरली तर सगळ्यांची एकत्र फिरते, एका ट्रॅकवर फिरली तर भांडण. लिनिअर फेजचा खरा उपयोग हाच आहे.

---

खाजन (शनिवार, दुपारी १२:३०)

तत्त्वाला माझा पाठिंबा. पण जोडी घुमटापासून किती वर आहे? दोन मीटर असेल तर तिच्यातली थाप आधीच ६ मिलिसेकंद उशिरा येते. दोन माइकांची फेज आधीच विस्कटलेली आहे, ती जपायला लिनिअर कशाला? कधी मिनिमम फेजने बेरीज बिघडते, कधी योगायोगाने सुधारते. दोन्ही लावून, पोलॅरिटी उलटसुलट करून, जिथे घुमट भरदार वाटेल ते ठेवायचं.

---

मांडवीकाठ (शनिवार, दुपारी १:०५)

त्याच ६ मिलिसेकंदांचा फायदा माझ्या बाजूने बघा. १०० हर्ट्झला २४ डीबीचा कंप तुमच्याच हिशेबाने चारेक मिलिसेकंदांत एक-तृतीयांश. जोडीतली थाप ६ उशिरा येते, म्हणजे तिच्याआधीचा कंप ऐन जोरात असतो तेव्हा जवळच्या माइकची थाप पडून गेलेली असते. तो तिच्या मागे लपतो. बसवर जी पळवाट नाही ती इथे फुकटात मिळते.

---

खाजन (शनिवार, दुपारी २:२०)

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बरोबर आहे. मात्र जोडी ओढून जवळच्या माइकशी जुळवून ठेवली असेल, जसं हल्ली बरेच जण करतात, तर ती पळवाट बंद होते.

---

टेपकाका (शनिवार, दुपारी ४:००)

आमच्या वेळी जनरेटर देवळापासून शंभर पावलं लांब नेऊन ठेवायचो. केबल लांब लागते, फेज लागत नाही.

---

सई_साखळी (शनिवार, दुपारी ४:०४)

+१ काका

---

घुमटवाला (सोमवार, रात्री ११:१५)

उशीर झाला, माटोळीच्या तयारीची बैठक होती.

काय केलं ते सांगतो. बसवर ४० हर्ट्झ, २४ डीबी, मिनिमम फेज. लिमिटर सहावरून दोन-तीन डीबीवर आणला, पहिल्या थापा ट्रॅकवरच हाताने थोड्या खाली घेतल्या. जोडीवर १०० हर्ट्झ, २४ डीबी. तिथे लिनिअर आणि मिनिमम दोन्ही लावून ऐकले, जोडी जुळवलेली नाही, सव्वादोन मीटरवर होती. लिनिअरमध्ये डावा घुमट भरदार, मिनिमममध्ये उजवा. का, ते कळलं नाही. उजव्या घुमटाची पोलॅरिटी उलटी केली तर पुन्हा उलटापालट. शेवटी बुवांना जे आवडलं ते ठेवलं, म्हणजे लिनिअर.

जनरेटर आता आहे हे माहीत असेल तरच ऐकू येतो. घुमट वेळेवर.

आणि ‘हुं’ सांगायचं राहिलं. ते बहुतेक गेलं, पण तिसऱ्या आरतीत एका जागी अजून आहे. इक्यू, लिमिटर सगळं बंद, फक्त उजव्या घुमटाचा माइक सोलो. तरीही आहे. झूम करून पाहिलं, यात ५५च्या लाटा नाहीत, फुफाट्यासारखा पसरट आवाज आहे, आणि बाकीच्या थापांआधी तो नाही. वाजवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, अरे, थापेआधी मी डाव्या तळव्याने घुमटाचं उघडं तोंड दाबतो ना, हवा आत जाते तेव्हा होतो तो. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून वाजवतोय, आज ऐकलास?

तो ठेवलाय. पण पहिल्या दिवशी ऐकलेल्या ‘हुं’मध्ये तळवा किती आणि फिल्टर किती, हे आता कसं शोधायचं?

---

खाजन (मंगळवार, सकाळी ७:३०)

जुनं प्रोजेक्ट तसंच ठेवलंय का? असेल तर डावा घुमट एकटा, जुन्या इक्यूतून काढा. तो माणूस तोंड दाबत नसेल तर तिथे जे ऐकू येईल ते निव्वळ फिल्टरचं.

---

घुमटवाला (मंगळवार, सकाळी ७:५०)

तोही दाबतो. दोघे एकाच गुरुजींचे.